वॉर्म की व्हाइट? रंगाआधी प्रकाश मोजा

प्रश्न: गंगापूर रोडला नवीन टू बीएचके घेतलाय. हॉल १६ बाय ११ फूट आहे आणि त्याला लागूनच किचन, मधे भिंत नाही. इंटिरिअरवाले म्हणतात सगळीकडे वॉर्म व्हाइट लावा, हॉलमध्ये सहा वॉटचे सहा डाउनलाइट पुरेत. त्यांच्या साइटवर जाऊन बघितलं तर सासरे म्हणाले, "या पिवळ्या उजेडात मला पेपर वाचता येणार नाही, मला आपला पांढराच पाहिजे." जुन्या घरी १२ बाय १० च्या हॉलमध्ये दोन एलईडी ट्यूब होत्या. कुठे वॉर्म आणि कुठे व्हाइट लावावा? पीओपीचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय.

उत्तर:

पीओपी अजून व्हायचंय, हे फार बरं झालं. आधी थोडक्यात सांगतो आणि मग कारणं. हॉल ३००० केल्विनचा वॉर्म ठेवा, पण सांगितलाय त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त प्रकाश घ्या. ओट्यावर, कपाटापुढे आणि आरशापाशी ४००० केल्विनचा, म्हणजे दुकानात ज्याला नॅचरल व्हाइट म्हणतात तो. बेडरूममध्ये वॉर्म. सासऱ्यांच्या खुर्चीजवळ त्यांचा स्वतःचा वाचायचा दिवा, तोही ४००० चा. ६५०० चा कूल डे लाइट तुमच्या घरात मी कुठेच लावणार नाही.

सासऱ्यांची तक्रार खरी आहे, असं माझं मत आहे. फक्त तिचं कारण रंगात नाही. तुमच्या नव्या हॉलमध्ये मुळात प्रकाशच कमी पडणार आहे आणि तो पिवळा असल्यामुळे दोष पिवळ्याला लागतोय. नाशिकमध्ये नवीन फ्लॅटची कामं करताना घरोघरी हाच वाद ऐकतो. घरातली मोठी माणसं पांढऱ्याच्या बाजूने, तरुण मंडळी वॉर्मच्या बाजूने आणि खोलीत किती प्रकाश पडणार याचा हिशोब दोघांपैकी कुणीच केलेला नसतो. म्हणून तोच आधी करू.

दिव्याच्या खोक्यावर तीन आकडे बघायचे. वॉट म्हणजे वीज किती खाणार. लुमेन म्हणजे दिवा एकूण प्रकाश किती देणार. केल्विन म्हणजे त्या प्रकाशाचा रंग कोणता. केल्विनचा आकडा जितका लहान तितका प्रकाश पिवळसर आणि जितका मोठा तितका निळसर. समईची ज्योत साधारण १९०० च्या आसपास असते, जुना तारेचा बल्ब २७०० च्या, आणि ढगाळ दुपारचं आकाश ६५०० च्या आसपास. हा आकडा फक्त रंग सांगतो. प्रकाश जास्त की कमी, हे त्यावरून कळत नाही. ते लुमेनवरून कळतं.

आता तुमचे आकडे घेऊ. जुन्या घरी चार फुटी २० वॉटच्या दोन ट्यूब असतील, तर प्रत्येकी साधारण २००० प्रमाणे ४००० लुमेन झाले. हॉल १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश काही टेबलावर पोचत नाही. भिंती, पडदे, फर्निचर त्यातला बराच गिळतात. उघड्या ट्यूबचा निम्मा प्रकाश कामाच्या उंचीवर पोचला असं धरलं, तरी २००० लुमेन ११ चौरस मीटरवर पसरले, म्हणजे सरासरी १८० लक्स. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन, एवढंच लक्षात ठेवा.

नव्या घरी सहा वॉटचा चांगला डाउनलाइट ५०० लुमेनच्या आसपास देतो. सहांचे ३००० झाले. डाउनलाइटचा प्रकाश थेट खाली येतो, म्हणून ६० टक्के पोचला असं धरू, म्हणजे १८००. हॉल मात्र आता १७६ चौरस फुटांचा, म्हणजे १६ चौरस मीटरहून थोडा जास्त. भागाकार केला की ११० लक्स येतात. जुन्या घरात १८० आणि नव्या घरात ११०. वर टीव्हीमागे गडद लाकडी पॅनेल आणि रंगीत भिंत होणार असेल, तर याहूनही कमी. शिवाय हा प्रकाश दिव्यांच्या थेट खाली गोळा होतो. सोफा भिंतीला टेकलेला असतो आणि दिवे असतात छताच्या मधल्या भागात, त्यामुळे सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या मांडीवरच्या पेपरपर्यंत ११० सुद्धा येत नाहीत. याच जागी ६५०० चे सहा डाउनलाइट लावले असते, तरी सासऱ्यांना पेपर नीट दिसला नसता. तेव्हा त्यांनी पिवळ्याला नाव ठेवलं नसतं, इतकाच फरक.

एक मान्य करायला हवं. त्याच वॉटमध्ये वॉर्म दिवा पांढऱ्यापेक्षा थोडा कमी प्रकाश देतो. एलईडीची चिप मुळात निळा प्रकाश सोडते आणि तिच्यावरचा पिवळसर लेप त्यातला काही भाग पिवळ्या-तांबड्यात बदलतो. वॉर्मसाठी जास्त निळा प्रकाश बदलावा लागतो आणि त्यात थोडं नुकसान होतं. पण हे नुकसान साधारण ५ ते १० टक्क्यांचं असतं. इतका फरक दोन दिवे शेजारी ठेवूनही डोळ्याला सहज कळत नाही.

मग पिवळा म्हणजे अंधुक, हे आपल्या मनात इतकं घट्ट का बसलंय? कारण सासऱ्यांच्या पिढीने जो पिवळा बल्ब पाहिला, तो खरोखरच अंधुक होता. ६० वॉटचा तारेचा बल्ब जेमतेम ७०० लुमेन द्यायचा. त्यानंतर घरात ४० वॉटची ट्यूब आली, तिने २४०० च्या आसपास दिले. एका रात्रीत घरातला प्रकाश तिपटीहून जास्त झाला आणि नेमका तेव्हाच तो पिवळ्याचा पांढराही झाला. दोन बदल एकदम झाले. प्रकाश वाढला याचं श्रेय गेलं पांढऱ्या रंगाला. त्या पिढीचा अनुभव चुकीचा नव्हता. एलईडीत मात्र वॉर्म हवा तितका तेज घेता येतो, त्यामुळे तो नियम इथे लागू होत नाही.

तर हॉलमध्ये सहा वॉटच्या ऐवजी दहा वॉटचे सहा डाउनलाइट घ्या, साधारण ८५० लुमेनचे. एकूण ५१०० लुमेन, त्यातले ६० टक्के खाली आले तर १९० लक्स. जुन्या घराइतका प्रकाश झाला आणि रंग वॉर्म राहिला. दहा वॉटच्या दिव्याचं भोक सहा वॉटच्यापेक्षा मोठं असतं, म्हणूनच पीओपीच्या आधी ठरवा म्हणतोय. बोर्ड कापून झाल्यावर भोकं मोठी करत बसलं की कडा तुटतात. सहाही दिवे एका बटणावर घेऊ नका. तीन-तीन वेगळे काढा, म्हणजे टीव्ही बघताना निम्मे बंद करता येतील. बाहेरच्या ओळीतले दिवे भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर येऊ द्या. भिंत उजळली की खोली आपोआप मोठी आणि उजेडाची वाटते आणि सोफ्यावरही प्रकाश येतो. दिवा घेताना ज्याचा चकचकीत भाग पृष्ठभागापासून आत, खोल बसलेला असतो असा घ्या, कारण सपाट चमकणारा दिवा खाली बसलेल्याच्या डोळ्यात जातो. इंटिरिअरवाले कोव्हमध्ये, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत, एलईडीची पट्टी देणार असतील तर जरूर घ्या, तीही ३००० चीच. पण कोव्हचा प्रकाश छतावर आपटून खाली येतो, वाटेत निम्मा संपतो, म्हणून तो हिशोबात धरू नका.

आता सासऱ्यांचं वाचन. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळट आणि जाड होतं, बाहुलीही लहान राहते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. तुम्हाला जो उजेड पुरेसा वाटतो, तो त्यांना अंधुक वाटणं अगदी साहजिक आहे. बारीक अक्षराचा पेपर वाचायला त्यांना निदान ५०० लक्स लागतील. इतका प्रकाश अख्ख्या हॉलमध्ये पाडायचा म्हटलं तर छतावर दिव्यांची गर्दी होईल आणि बाकी सगळ्यांना तो टोचेल. म्हणून प्रकाश खोलीत वाढवायचा नाही, तो त्यांच्या पेपरवर आणायचा.

खुर्चीच्या मागे, ते ज्या हाताने लिहितात त्याच्या उलट बाजूला, खांद्याच्या थोडा वर येईल असा उभा दिवा घ्या. त्याला आतून पांढरी किंवा चकचकीत आणि बाहेरून बंद असलेली घुमटी हवी. नऊ वॉटचा, ८०० लुमेनच्या वरचा बल्ब त्यात लावला आणि पेपर घुमटीपासून दीड-दोन फुटांवर असला, तर ५०० लक्स आरामात मिळतात. उघडा बल्ब लावला तर निम्म्याहून जास्त प्रकाश भलतीकडे जाईल आणि डोळ्यातही खुपेल. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर उघडा तेज दिवा जास्तच त्रास देतो, कारण प्रकाश धुरकट भिंगात पसरतो आणि समोर पांढुरकं धुकं आल्यासारखं होतं. अशा माणसाला मोठा दिवा लावून दिला की तो म्हणतो, "आता आणखीच कमी दिसतंय." घरच्यांना वाटतं हट्टीपणा करतायत. खरं तर त्यांना प्रकाश पेपरवर हवा असतो, डोळ्यावर नको असतो.

या दिव्याला ४००० केल्विन अशासाठी, की पेपरचा कागद त्यात पांढरा दिसतो, अक्षरं काळी उठून दिसतात आणि त्यांना हवा असलेला पांढरेपणाही मिळतो. वाचनासाठी ३००० सुद्धा चालतो, प्रकाश पुरेसा असेल तर. पण ज्याला रोज वाचायचंय त्याच्या आवडीला इथे किंमत द्यावी, असं मला मनापासून वाटतं. घुमटीच्या आतला दिवा वेगळ्या रंगाचा असला तरी त्याचा प्रकाश पेपरपुरता राहतो, हॉलचा रंग बिघडत नाही.

हॉल आणि किचन यांच्यामध्ये भिंत नसणं ही तुमच्या घरातली सगळ्यात नाजूक गोष्ट आहे. एका नजरेत दोन वेगळे रंग दिसले की डोळा त्यांची तुलना करतो. एकट्या खोलीत ३००० चा प्रकाश पाच-दहा मिनिटांत सवयीचा होतो, तो पिवळा आहे हेही विसरायला होतं. पण शेजारीच ६५०० चा दिवा दिसला, तर वॉर्म एकदम पिवळाजर्द आणि पांढरा एकदम निळा दिसतो. दोन्ही वाईट दिसतात आणि मग घरात वाद होतो की यातला चूक कोणता. हॉल वॉर्म आणि किचनला छतावर मोठा पांढरा पॅनेल, ही जोडी मी नवीन फ्लॅटमध्ये सर्रास पाहतो आणि दर वेळी ती डोळ्याला खटकते.

म्हणून किचनच्या छतावरचे दिवे हॉलसारखेच ३००० चे घ्या आणि ओट्यावरचा कामाचा प्रकाश वरच्या कपाटाखालून ४००० चा द्या. ३००० आणि ४००० मधला फरक डोळा सहन करतो, विशेषतः एक छतावर आणि दुसरा कपाटाखाली लपलेला असताना. ओट्याला वेगळा दिवा लागतोच, कारण छतावरचा दिवा तुमच्या पाठीमागे येतो. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहिलात की तुमचीच सावली विळीवर आणि ताटात पडते. छतावरचा दिवा कितीही मोठा किंवा पांढरा केला तरी ही सावली जात नाही.

कपाटाखालची पट्टी बसवताना सुतार ती बहुतेक वेळा मागे, भिंतीच्या टाइलला चिकटवतात, कारण तिथे वायर लपवायला सोपं असतं. तसं करू देऊ नका. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेजवळ, शटरच्या मागच्या बाजूला घ्या. म्हणजे प्रकाश तुमच्या हातावर पडेल आणि उभं राहिल्यावर पट्टी डोळ्याला दिसणार नाही. ती अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, दुधी झाकण लावून बसवा. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असेल तर झाकणाशिवाय पट्टीचा एकेक ठिपका त्यात आरशासारखा दिसतो आणि काही दिवसांत डोकं उठतं. दर मीटरला १० वॉटच्या आसपासची पट्टी आठ फुटी ओट्याला भरपूर होते, ओट्यावर ५०० लक्सच्या वर प्रकाश मिळतो. तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारी डबी, चिमणीच्या वर किंवा गॅसच्या थेट वरच्या कपाटात ठेवू नका. उष्णतेने तोच आधी जातो. हात पोचेल अशा बाजूच्या कपाटात ठेवा.

ओट्यावर ४००० का, हे तांदूळ निवडताना कळतं. वॉर्म प्रकाशात निळा भाग कमी असतो, त्यामुळे पांढरा आणि फिकट पिवळा हे रंग एकमेकांत मिसळतात. तांदळातला पिवळट पडलेला दाणा, गहू-ज्वारीतली अळी, कोथिंबिरीची पिकायला लागलेली पानं, हे सगळं अशा वेळी निसटतं. दुसरीकडे ६५०० मध्ये शिजलेलं अन्न फिकट, निर्जीव दिसतं. वरणाचा आणि रश्श्याचा रंग मरतो. म्हणून निवडण्या-चिरण्याच्या जागी ४००० आणि जेवायच्या टेबलावर ३००० असावा. टेबलावर लटकणारा दिवा घेणार असाल तर टेबलापासून अडीच फुटांच्या आसपास उंचीवर घ्या, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही.

कपाटाची गोष्टही अशीच आहे, आणि आपल्याकडे येवल्याची पैठणी जवळच असल्यामुळे उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. गडद निळा आणि काळा, जांभळा आणि वांगी, मोतिया आणि पांढरा या जोड्या वॉर्म प्रकाशात सारख्याच वाटतात. बेडरूमच्या पिवळ्या दिव्यात ब्लाउज साडीला जुळलेलं दिसतं आणि मंगल कार्यालयात पोचल्यावर दुसरंच निघतं. कपाटाच्या पुढे, दोन-अडीच फुटांवर छतात एक वेगळा ४००० चा दिवा घ्या, स्वतःच्या बटणावर. कपडे काढताना लावायचा, मग बंद. बाकी बेडरूम वॉर्मच राहील.

इथे नुसता केल्विन बघून भागत नाही, सीआरआय नावाचा आणखी एक आकडा बघावा लागतो. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, याचा तो शंभरपैकी आकडा. घरगुती दिव्यांत ८० हा नेहमीचा असतो. कपाट, आरसा आणि ओटा या तीन जागी ९० चा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. कमी सीआरआयच्या दिव्यात आधी लाल रंग मरतो, हे तुम्हाला दुकानातच तपासता येईल. दिव्याखाली स्वतःचा तळहात धरा. कातडी करडी किंवा हिरवट दिसली तर तो दिवा घेऊ नका, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. पिकलेला टोमॅटो किंवा कुंकवाची डबी नेलीत तर अजून स्पष्ट कळेल. वॉर्म म्हणजे रंग खोटे आणि पांढरा म्हणजे खरे, असं मात्र समजू नका. स्वस्तातला ६५०० चा दिवा रंग जितके बिघडवतो तितके चांगला ३००० चा बिघडवत नाही.

बेडरूममध्ये वॉर्म लावण्यामागे दिसण्यापलीकडचं कारण आहे. डोळ्यात काही पेशी अशा असतात की त्या मेंदूला दिवस आहे की रात्र हे कळवतात आणि त्या निळसर प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतात. रात्री दहाला ६५०० ची ट्यूब चालू असेल तर शरीराला झोपेची तयारी करायला उशीर होतो. पण इथेही नुसता रंग बदलून काम होत नाही. खूप तेज वॉर्म दिवा मंद पांढऱ्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. म्हणून बेडरूममध्ये छतावरचा प्रकाश एका बटणावर आणि पलंगाच्या बाजूचे तीन ते पाच वॉटचे, २७०० किंवा ३००० चे दिवे वेगळ्या बटणावर घ्या. झोपण्याआधीचा तासभर तेच वापरायचे. बेडरूममध्ये एकच पांढरी ट्यूब लावली की खोली उदास, दवाखान्यासारखी वाटते, त्याचं कारण मात्र वेगळं आहे. पांढऱ्या प्रकाशाची आपल्या डोळ्याला दुपारच्या भरपूर उजेडाबरोबर सवय असते, तो थोडाच असला की विटका वाटतो.

मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाला सासऱ्यांच्या दिव्याचाच नियम लावा. खोली वॉर्म, टेबलावर ४००० चा झाकलेला दिवा. फक्त खोली पूर्ण अंधारी करून एकट्या टेबलदिव्यात वाचू देऊ नका, उजेड-अंधाराच्या फरकाने डोळे दमतात.

बाकी जागा पटकन सांगतो. देवघरात २७०० चा लहान दिवा, समईच्या ज्योतीशी तो जुळतो आणि पितळ खुलतं. पांढरा लावला तर ज्योत फिकी वाटते. बाथरूममध्ये आरशाच्या वर किंवा दोन्ही बाजूंना ४००० चा. नुसता छतावर असेल तर डोळ्यांखाली सावली पडते आणि दाढी करताना हनुवटी दिसत नाही. रात्री उठणाऱ्यांसाठी पॅसेजमध्ये अर्ध्या वॉटचा वॉर्म दिवा पायाच्या उंचीवर असावा. बाल्कनीत वॉर्मच, कारण किडे निळसर प्रकाशाकडे जास्त येतात. गोदावरीकाठच्या सोसायट्यांमध्ये पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्यांची झुंबड उडते. वॉर्म दिव्याने ती थांबत नाही, पण कमी होते.

भिंतींचा रंग ठरायचा असेल तर तो याच प्रकाशात ठरवा. निळसर करडा रंग ३००० खाली मळकट, कधी हिरवट दिसतो. क्रीम आणि बदामी ३००० खाली छान दिसतात, ६५०० खाली आजारी दिसतात. रंगाच्या दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली शेड कार्ड बघून ठरवलेला रंग घरी आल्यावर फसतो, तो यामुळेच. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा भिंतीवर रंगवून घ्या आणि रात्री नव्या दिव्यात बघा.

खरेदीबद्दल चार गोष्टी सांभाळा. एकाच जागेचे सगळे दिवे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकाच वेळी घ्या, वर एक-दोन जास्तीचे घेऊन ठेवा. खोक्यावर ३००० लिहिलेले दोन कंपन्यांचे दिवे शेजारी लावले की एक गुलाबीसर आणि दुसरा हिरवट दिसू शकतो. वर्षभराने एक दिवा गेला आणि बाजारातून नवीन आणला की तो एकटाच वेगळा उठून दिसतो, म्हणून जास्तीचे. दुसरं, खोक्यावर लुमेन आणि बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक छापलेला नसेल तर तो दिवा ठेवून द्या, नुसत्या वॉटवरून काही कळत नाही. तिसरं, मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनमध्ये दिव्यावर धरा. पडद्यावर प्रकाश धडधडताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलका आहे. अशा दिव्याखाली काही जणांचं डोकं दुखतं.

चौथं, कुणीतरी तुम्हाला थ्री इन वन सुचवेल. बटण बंद-चालू केलं की हा दिवा वॉर्म, नॅचरल आणि कूल असा रंग बदलतो. वाद मिटवायला ही युक्ती बरी वाटते आणि एकट्या दिव्याला ती चालतेही, सासऱ्यांच्या खोलीतल्या पॅनेलला तर मी स्वतः सुचवेन. पण एका बटणावर सहा दिवे असतील तर घेऊ नका. पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते, तेव्हा काही दिवे रंग बदलतात आणि काही बदलत नाहीत. मग छतावर चार वॉर्म आणि दोन पांढरे, आणि सगळे परत जुळवायला बटणाशी झटापट.

आता पुढच्या आठवड्याआधी करायचं काम. नऊ वॉटचे दोन-तीन वॉर्म बल्ब आणि तितकेच ४००० चे आणा, वायरमनकडून साधे होल्डर लटकवून घ्या आणि संध्याकाळी साडेसातनंतर सासऱ्यांना नव्या हॉलमध्ये पेपर घेऊन बसवा. आधी वॉर्म लावा, एकेक बल्ब वाढवत जा आणि ते "आता दिसतंय" म्हणाले की थांबा. मग ते सगळे बंद करून तितक्याच संख्येने ४००० चे लावा. दोन्ही रंग एकदम लावून तुलना करू नका, तशा तुलनेत वॉर्म नेहमीच हरतो. प्रत्येक रंगाला निदान दहा मिनिटं द्या. मोबाइलमधल्या लक्स मोजायच्या अॅपवर अचूक आकड्यासाठी भरवसा ठेवू नका, पण एकाच फोनने पेपरच्या जागी दोन्ही वेळा मोजलं तर कुठे जास्त आणि कुठे कमी, हे ते बरोबर सांगतं.

त्या संध्याकाळनंतर इंटिरिअरवाल्यांना चार गोष्टी लिहून द्या. हॉलचे डाउनलाइट दहा वॉटचे आणि दोन बटणांवर. सासऱ्यांच्या खुर्चीमागे, जमिनीपासून फूटभर उंचीवर उभ्या दिव्यासाठी प्लग. ओट्यावरच्या कपाटाखाली पट्टीची वायर, वेगळ्या बटणावर. दोन्ही बेडरूममध्ये कपाटापुढे एक जास्तीचा पॉइंट. दिव्याचा रंग पुढे कधीही बदलता येतो, बल्ब काढून दुसरा लावायला पाच मिनिटं लागतात. पॉइंट आणि बटणं मात्र पीओपी झाल्यावर वाढवायची म्हणजे पुन्हा तोडफोड, म्हणून ती आत्ताच मागून घ्या.